अनुदान हातात पडत नाही

बचत गटाच्या बैठकीत मला नेहमी विचारतात, "साहेब, अनुदानाचे पैसे खात्यात कधी जमा होतात?" बायकांनो, घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून आज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही एकच योजना नीट समजून घेऊ.

समजा, गावातल्या एका ताईंना मसाला कांडप सुरू करायचंय. डंख, पल्वरायझर, पॅकिंग मशीन मिळून सहा लाख आणि मिरची-धण्यासाठी खेळतं भांडवल दोन लाख, म्हणजे प्रकल्प आठ लाखांचा. महिला विशेष प्रवर्गात येतात, त्यामुळे ताईंनी स्वतःचे फक्त पाच टक्के, म्हणजे चाळीस हजार घालायचे. उरलेले सात लाख साठ हजार बँक कर्ज म्हणून देते. ग्रामीण भागात महिलांना अनुदान ३५ टक्के, म्हणजे दोन लाख ऐंशी हजार. शहरात तेच २५ टक्के. गाव ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामीण, नगरपालिकेत असेल तर शहरी. हा दाखला आधी काढा, सगळा हिशेब त्यावर बदलतो.

आता ते दोन लाख ऐंशी हजार कुठे जातात? बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर बँक तुमच्याकडून व्याजही घेत नाही. उद्योग खरंच चालू आहे का, याची पाहणी होते आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते.

पात्रता तपासताना सगळ्यात आधी बघायचं ते हे, की उद्योग नवा आहे का. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी उत्साहाने आधीच मशीन घेतलं, उद्यम नोंदणी केली, सहा महिने मसाला विकला आणि मग अर्ज केला. चालू उद्योग म्हणून अर्ज परत आला. फार वाईट वाटलं मला, कारण क्रम उलटा असता तर त्या पात्र होत्या. अशा वेळी मुद्रा कर्जाचा रस्ता उरतो, पण त्यात अनुदान नाही.

बाकीच्या अटी साध्या आहेत. वय १८ पूर्ण हवं. उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांवर किंवा सेवेचा पाच लाखांवर गेला तर आठवी पास लागते. आपल्या ताईंना ती अट लागू नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे घरात आधी कोणी घेतलाय का ते विचारा. आणि मायक्रोफायनान्सचा थकलेला हप्ता असेल तर तो आधी फेडा. शिफारस जिल्हा उद्योग केंद्राने केली, तरी कर्ज द्यायचं की नाही हे बँकच ठरवते.

अर्ज kviconline.gov.in वर मोफत भरता येतो. एजंटला एक रुपयाही देऊ नका. कर्ज मिळाल्यावर अनुदानाच्या ठेवीचा कागद मागून घ्या आणि बँकेच्या उताऱ्यात व्याज किती रकमेवर लागलंय ते दर महिन्याला बघा. पूर्ण सात लाख साठ हजारांवर लागलेलं दिसलं, तर तो उतारा घेऊन लगेच शाखेत जा.