पासपोर्ट हातात, तरी संघाबाहेर

[ढाका. संध्याकाळ. गच्च भरलेलं नॅशनल स्टेडियम, प्रेक्षकांचा आवाज.]

18 नोव्हेंबर 2025. फुटबॉलच्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत बांगलादेश आणि भारत समोरासमोर आहेत. स्पर्धेतलं भारताचं आव्हान महिनाभर आधीच संपलंय. गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने 2-1 ने हरवलं, तेव्हाच. पण समोर बांगलादेश आहे, आणि असा सामना कधीच नावापुरता नसतो.

या संध्याकाळी ढाक्यात असलेल्या दोन माणसांकडे नीट बघा.

पहिला हमझा चौधरी. जन्म इंग्लंडमधल्या लफबरोचा, आई बांगलादेशी. इंग्लंडच्या 21 वर्षांखालील संघाकडून खेळलेला. आज तो बांगलादेशच्या लाल-हिरव्या जर्सीत मैदानात उतरतोय.

दुसरा रायन विल्यम्स. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, आई मुंबईत जन्मलेली. 2023 पासून बेंगळुरूच्या क्लबकडून खेळतोय. काही दिवसांपूर्वीच सुनील छेत्रीने त्याच्या हातात भारताचा पासपोर्ट ठेवला. भारतीय संघाबरोबर तो ढाक्याला आलाय. पण सामन्यासाठी निवडलेल्या 23 जणांच्या यादीत त्याचं नाव नाही.

भारत तो सामना 0-1 असा हरला. अकराव्या मिनिटाला शेख मोर्सालिनने गोल केला. बांगलादेशने भारताला हरवलं ते तब्बल 22 वर्षांनी.

दोघांचीही गोष्ट आईच्या जन्मगावापासून सुरू होते. मग एक मैदानात आणि एक बाहेर, असं का झालं?

[टेबलावर एक उघडी फाईल. जन्मदाखला, जुना पासपोर्ट, नवा पासपोर्ट.]

कुठल्याही देशाकडून फुटबॉल खेळायचं तर दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं त्या देशाच्या कायद्याचं, म्हणजे नागरिकत्वाचं. दुसरं फिफाच्या नियमांचं. दोन्ही दारांच्या किल्ल्या वेगळ्या आहेत. एक उघडलं म्हणून दुसरं आपोआप उघडत नाही.

आधी फिफाचं दार पाहू. एखाद्याने नव्याने नागरिकत्व घेतलं, तर फिफा त्याच्या पासपोर्टवर थांबत नाही. तुझा जन्म या देशातला आहे का? आईचा किंवा वडिलांचा? आजी-आजोबांपैकी कुणाचा? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर हो असलं तरी पुरतं. तिन्हींची उत्तरं नाही आली, तर मग फिफा विचारतं, या देशात तू किती वर्षं राहिलास? वयाच्या अठराव्या वर्षानंतर आलेल्याला सलग किमान पाच वर्षं राहावं लागतं. दहा वर्षांचा व्हायच्या आत आलेल्या मुलाला तीन वर्षं पुरतात. पैसे देऊन खेळाडू आणायचे, रातोरात पासपोर्ट द्यायचे आणि संघ उभा करायचा, हे थांबवण्यासाठी हा नियम आहे.

नात्याच्या बाबतीत विल्यम्ससाठी हे दार सताड उघडं होतं. आई मुंबईची, आणि आईचे वडील 1950 च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. नात्याचा याहून सरळ पुरावा काय हवा?

त्याला आधी अडवलं ते पहिल्या दाराने.

[मुंबई. दक्षिण मुंबईतली जुनी दगडी इमारत, खाली फुटबॉल खेळणारी मुलं.]

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार, ज्याने स्वेच्छेने परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं त्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. परदेशी झालेल्या भारतवंशीयांना ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, पण मतदान करता येत नाही आणि देशाकडून खेळताही येत नाही. 2008 पर्यंत खेळांत थोडी सैल वागणूक होती. अमेरिकेचा नागरिक असलेला प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस चषक खेळत होता. त्या वर्षाच्या अखेरीस केंद्र सरकारने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताची जर्सी मिळेल.

मग नागरिकत्व मिळवायचं कसं? ज्याचे आई किंवा वडील स्वतंत्र भारताचे नागरिक होते, त्याला अर्ज करता येतो. पण अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात वास्तव्य हवं. नातं आजी-आजोबांपुरतंच असेल, तर वाट आणखी लांबते. आधी ओसीआय कार्डावर पाच वर्षं काढायची आणि मग तेच बारा महिने. शेवटी आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडून द्यायचं.

मला इथे थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण या विषयावरच्या चर्चेत ती हमखास राहून जाते. बारा महिन्यांची अट ऐकायला साधी वाटते. पण इंग्लंडमधल्या क्लबशी करार असलेल्या चोवीस वर्षांच्या पोराने भारतात बारा महिने राहायचं कसं? करार मोडून? आणि ब्रिटिश पासपोर्ट सोडला, तर ज्या देशात तो रोजीरोटी कमावतोय तिथेच त्याला कामाचा परवाना मागावा लागेल. त्यामुळे ही वाट व्यवहारात एकाच प्रकारच्या खेळाडूला खुली राहते. जो आधीच भारतात येऊन क्लबकडून खेळतोय, ज्याची परदेशातली ऐन उमेदीची वर्षं सरली आहेत, त्याला. नागरिकत्व घेतलं तेव्हा विल्यम्स 32 वर्षांचा होता.

बांगलादेशने हमझाला ब्रिटिश पासपोर्ट सोडायला लावलं नाही. तिथला कायदा ब्रिटनसोबत दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो. हमझाने आपला क्लब सोडला नाही, देश सोडला नाही, आणि मार्च 2025 मध्ये शिलाँगला भारताविरुद्धच पदार्पण केलं.

जुनं नागरिकत्व सोडून भारताचं घेण्याची वाट विल्यम्सच्या आधी एकजण चालून गेलाय, आणि पुणेकरांना तो चांगला आठवत असेल. इझुमी अराता. जन्म जपानमधला, आई जपानी, वडील गुजराती. मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून तो खेळला. बालेवाडीच्या मैदानावर मधल्या फळीत त्याचा पाय चेंडूवर पडला की सामन्याचा वेग बदलायचा. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं, नीलकंठ खंबोळजा हे भारतीय नाव लावलं आणि 2013 मध्ये तो भारताकडून खेळला. तेव्हा त्याने तिशी ओलांडली होती.

[पुन्हा ढाका. राखीव खेळाडूंच्या बाकावर कॅमेरा.]

पण ढाक्यात विल्यम्सच्या खिशात भारताचा पासपोर्ट होता. पहिलं दार त्याने ओलांडलं होतं, दुसऱ्या दाराशी लागणाऱ्या नात्याबद्दलही शंका नव्हती. मग अडलं कुठे?

अडलं ते त्याच्या जुन्या जर्सीपाशी. तो ऑस्ट्रेलियाच्या वयोगटांतल्या संघांकडून खेळला होता, आणि 2019 मध्ये मुख्य संघाकडून एक सामना खेळला होता, दक्षिण कोरियाविरुद्ध. तो सामना मैत्रीपूर्ण होता, आणि फिफाच्या लेखी हा फरक फार मोठा आहे. मैत्रीपूर्ण सामना खेळाडूला बांधत नाही. दिएगो कोस्टा 2013 मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि पुढच्याच वर्षी स्पेनच्या जर्सीत दिसला. बांधतो तो अधिकृत सामना, म्हणजे विश्वचषक, खंडीय स्पर्धा किंवा त्यांची पात्रता फेरी.

अधिकृत सामन्याची ही गाठ किती घट्ट असते, ते मुनीर एल हद्दादीला विचारा. स्पेनमध्ये जन्मलेला, आई-वडील मोरोक्कोचे. सप्टेंबर 2014 मध्ये, वय 19, त्याला स्पेनने युरो पात्रता सामन्यात शेवटी शेवटी उतरवलं. तेरा मिनिटं. नंतर स्पेनने कधी बोलावलं नाही, आणि त्या तेरा मिनिटांमुळे मोरोक्कोलाही त्याला घेता येईना. 2018 च्या विश्वचषकाआधी तो क्रीडा लवादापर्यंत गेला, तिथेही हरला. पुढे 2020 मध्ये फिफाने नियम सैल केला. एकविसाव्या वर्षाआधी मुख्य संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने, त्यांत विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतला एकही नाही, आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली, तर एकदाच संघ बदलता येतो. मुनीर मोरोक्कोकडून खेळला तो 2021 मध्ये. तेरा मिनिटांची किंमत सहा वर्षांहून जास्त झाली.

विल्यम्सचं प्रकरण इतकं गुंतागुंतीचं नव्हतं, पण बदल नोंदवावाच लागतो. आधीच्या महासंघाचं ना-हरकत पत्र हवं होतं आणि त्यावर फिफाची संमती. पासपोर्टचा समारंभ आणि ढाक्याचा सामना यांत जेमतेम काही दिवस होते. सामन्याच्या दिवसापर्यंत कागद आला नाही. फिफाच्या नियमात आणखी एक बारीक तरतूद आहे. बदलाचा अर्ज केल्यापासून निर्णय येईपर्यंत खेळाडू जुन्याही संघाकडून खेळू शकत नाही आणि नव्याही. अर्जाची तारीख चुकली की माणूस मधल्यामध्ये लटकतो.

[क्वालालंपूर. बुकित जलील स्टेडियमचा दिव्यांनी उजळलेला बाहेरचा भाग.]

कुणी म्हणेल, एवढी कागदपत्रं कशाला, पासपोर्ट पुरे की. त्याचं उत्तर मलेशियात मिळतं.

10 जून 2025 रोजी मलेशियाने व्हिएतनामला 4-0 ने धुतलं. संघात अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्स इथून आलेले सात नवे खेळाडू होते. सगळ्यांकडे मलेशियाचे खरे पासपोर्ट, आणि प्रत्येकाचे आजी किंवा आजोबा मलेशियात जन्मलेले, असं कागदावर. तक्रार झाली तेव्हा फिफाने मलेशियाने दिलेले दाखले बाजूला ठेवले आणि थेट त्या चार देशांतल्या जन्मनोंदणी कार्यालयांतून मूळ नोंदी मागवल्या. नाव तेच, पण जन्मस्थान वेगळं. मलेशियाच्या कागदावर पेनांग लिहिलेलं, मूळ नोंदीत अर्जेंटिनातलं गाव. मलेशियाच्या नोंदणी खात्याला हस्तलिखित मूळ नोंद कधी मिळालीच नव्हती, दुय्यम माहितीवर नव्या प्रती दिल्या गेल्या होत्या. सप्टेंबरमध्ये फिफाने सातही जणांवर बारा महिन्यांची बंदी घातली आणि महासंघाला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला.

मलेशियाचं पहिलं दार खरोखर उघडलं होतं, नागरिकत्व सरकारनेच दिलेलं. खोटी होती ती दुसऱ्या दाराची किल्ली. म्हणून जाणकार आधी पासपोर्ट बघत नाहीत. आजीच्या जन्माची पहिली, हाताने लिहिलेली नोंद कुठल्या गावच्या दप्तरात आहे, ते विचारतात.

[गोवा. मडगावजवळचं एक मैदान, सकाळचा सराव.]

गोव्यात ही गोष्ट उलट्या बाजूने घडू शकते. डिसेंबर 1961 पूर्वी, पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथलं नागरिकत्व मागता येतं, आणि अनेक घरांनी ते घेतलंही आहे. समजा, अशा घरातला सोळा वर्षांचा एखादा मुलगा इथे सराव करतोय. जन्म गोव्याचा, आई-वडील गोव्याचे, आजी-आजोबा गोव्याचे. फिफाच्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर हो आहे. पण उद्या त्याने पोर्तुगालचा पासपोर्ट घेतला, तर भारताकडून खेळण्यासाठी त्याला तोच अर्ज भरावा लागेल, जो पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सने भरला.