घटी अठरा, पळे एकतीस

नमस्कार श्रोतेहो. जुन्या चरित्रांत आणि बखरींत जन्माची नोंद आली की तिथी, वार, नक्षत्र आणि घटी-पळे येतात. जुन्या काळच्या पंचांगाशी ती ताडून पाहता येतात. आज एकच उदाहरण घेऊ, शिवाजी महाराजांच्या जन्माचं.

जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्यातली कालक्रमाने लिहिलेल्या नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद आहे. पुढे हस्त नक्षत्र घटी १८ पळे ३१, आणि 'गड' ५ घटी ७ पळे.

आधी वार पाहू. स्वामीकन्नू पिल्ले यांच्यासारख्यांनी केलेल्या कोष्टकांतून तिथीची इंग्रजी तारीख निघते. फाल्गुन वद्य तृतीयेला ती १९ फेब्रुवारी १६३० येते आणि वार शुक्रवारच निघतो. इथे एक खाच आहे. ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. ती आजच्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत तशीच घातलीत तर मंगळवार येईल, आणि शकावली चुकली असं वाटेल. दहा दिवस मिळवून १ मार्च केलं की शुक्रवार जुळतो.

आता दुसरी नोंद. उत्तरकालीन बखरींच्या परंपरेत शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, गुरुवार असं येतं. गणित केलं तर त्या द्वितीयेला शनिवार निघतो. तिथी सूर्योदयाच्या आगेमागे संपत असेल तर दोन पंचांगांत एका दिवसाचा फरक पडू शकतो, तो मी सोडून देईन. इथे मात्र फरक दोन दिवसांचा आहे. त्या गुरुवारी तर चैत्र अमावास्येचा दिवस चालू होता. अर्थात वार जुळला म्हणजे नोंद खरी ठरली असंही नाही, कारण सातांत एकदा तो योगायोगानेही जुळतो. म्हणून पुढचे आकडे पाहायचे.

घटी १८ पळे ३१ म्हणजे काय? एक घटी चोवीस मिनिटांची, आणि तिची साठ पळे. सूर्योदयापासून सात तास चोवीस मिनिटं मोजली की दुपारचे दोन वाजतात. ही जन्मवेळ समजली तर मोठा घोटाळा होतो, कारण परमानंद कवीच्या शिवभारत या संस्कृत काव्यात जन्म रात्रीचा आहे. पंचांग हाताळलेल्या माणसाला उत्तर लगेच दिसतं. पंचांगात नक्षत्रापुढे जे आकडे असतात ते सूर्योदयानंतर नक्षत्र कधी संपतं ते सांगतात. त्या शुक्रवारी सकाळी चंद्र हस्ताच्या शेवटच्या भागात होता, दुपारनंतर तो चित्रेत गेला. आणि 'गड' म्हणजे गंड हा दहावा योग. सूर्य आणि चंद्र यांचे भोग, म्हणजे राशिचक्रातले अंश, मिळवले की योग येतो. त्या सकाळी तो गंडच होता आणि सूर्योदयानंतर सुमारे दोन तासांत संपणारा होता, म्हणजे पाच घटी. नोंद करणाऱ्यासमोर त्या दिवसाच्या पंचांगातली ओळच होती, असं माझं ठाम मत आहे. अशी ओळ कोणी मागाहून अंदाजाने लिहू शकत नाही. पळांपर्यंत मात्र आजच्या गणिताशी मेळ मागू नये. ग्रहलाघवासारख्या ग्रंथांवरून केलेल्या त्या काळच्या पंचांगांत काही घटींचा फरक असायचाच.

मग जन्माची वेळ? ती जोधपूरकडे मिळालेल्या कुंडलीत आहे: सूर्योदयापासून ३० घटी ९ पळे, रवी १०।२३, लग्न ४।२९. म्हणजे दहा राशी पूर्ण होऊन सूर्य कुंभेच्या तेविसाव्या अंशावर, आणि लग्न, म्हणजे त्या वेळी पूर्वेला उगवणारा अंश, सिंहेच्या एकोणतिसाव्यावर. हे तपासायला पंचांगही लागत नाही. सूर्य मावळताना पूर्वेला त्याच्या बरोबर समोरची रास उगवत असते, इथे सिंहेचा तेविसावा अंश. लग्न त्याच्यापुढे सहा अंश, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण चोवीस-पंचवीस मिनिटं. आता घटी घ्या. फेब्रुवारीअखेर आपल्याकडे दिनमान, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त, तीस घटींहून थोडं कमी असतं, त्यामुळे ३० घटी ९ पळेही सूर्यास्तानंतर थोड्याच वेळाने येतात. दोन्ही वाटा एकाच संध्याकाळी पोचतात. भारतीय वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून तो शुक्रवारच राहतो.

शिवभारताचं एक वर्णन मात्र टिकत नाही. तिथे पाच ग्रह उच्चीचे, म्हणजे आपापल्या सर्वांत बलवान राशीत, म्हटले आहेत. सूर्य कुंभेत असताना तो मेषेत नाही, म्हणजे उच्च नाही. चंद्र कन्या राशीत, त्याची उच्च रास वृषभ. बुध सूर्यापासून अठ्ठावीस अंशांपलीकडे जात नाही, तेव्हा तोही आपल्या उच्च राशीत, कन्येत, असू शकत नाही. सातांतून तीन गेले, उरले चार. तिथी आणि रात्र कवीने जपली. ग्रहांची मांडणी थोर पुरुषाच्या जन्माला काव्यात शोभावी तशी केली.