उजनीचे टक्के आणि सेकंडचा माल

श्रोतेहो, नमस्कार.

पाऊस लांबला की सोलापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. उजनी किती टक्के? टपरीवर चहा घेणारा विचारतो, ऊसवाला विचारतो, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी नळाला पाणी येणाऱ्या घरातली माउली विचारते. आकड्यांचं मोठ्यांदा वाचन आपल्या गावाइतकं क्वचितच कुठे होत असेल. मी आयुष्यभर टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे हिशेब लिहिले. टक्क्यांनी माणसं कशी फसतात ते मी वहीत पाहिलं, तसं उजनीच्या बातमीतही पाहिलं. आज दोन्हींबद्दल बोलतो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या, आकडे थोडेच आहेत.

उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. या ११७ पैकी सुमारे ६३.६६ टीएमसी हा तळाचा मृत साठा. त्याच्यावरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा, आणि बातमीतले टक्के या वरच्या साठ्याचे असतात. म्हणून ‘उजनी शून्य टक्के’ ऐकलं तरी धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं. आणि म्हणूनच उन्हाळ्यात आकडा उणे होतो. उणे वीस म्हणजे मृत साठ्यातलं, उपयुक्त साठ्याच्या वीस टक्क्यांइतकं, साधारण १०.७ टीएमसी पाणी कमी झालं.

आता समजा जुलैत दौंडकडून पाणी आलं आणि उजनी १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेली. एक जण म्हणतो, दहा टक्क्यांनी वाढ. दुसरा म्हणतो, साठा दुप्पट, म्हणजे शंभर टक्के वाढ. दोघांचा आकडा बरोबर आहे, पण दोघं वेगळ्या गोष्टी मोजतायत. पहिला वीसमधून दहा वजा करतो. या वजाबाकीला टक्केबिंदू म्हणावं: साठा दहा टक्केबिंदूंनी वाढला. दुसरा वाढीला आधीच्या आकड्याने भागतो. तो खरा टक्क्यांचा बदल.

पुढे ऑगस्टमध्ये उजनी ८० वरून ९० वर गेली. टक्केबिंदू पुन्हा दहाच. पण दुसऱ्या माणसाच्या हिशेबाने ही वाढ फक्त साडेबारा टक्के. धरणात आलेलं पाणी मात्र दोन्ही वेळा सारखंच, ५.३६ टीएमसी. जुलैतली वाढ ‘शंभर टक्के’ आणि ऑगस्टमधली ‘साडेबारा टक्के’ असं शेजारी-शेजारी छापलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की ऑगस्टमध्ये पाऊस रुसला. धरणासाठी टक्केबिंदूच बोलावेत, कारण एक टक्केबिंदू म्हणजे कायम अर्ध्या टीएमसीहून किंचित जास्त पाणी, साठा तळाला असो की काठोकाठ.

गंमत उणे आकड्यात खुलते. उणे २० वरून साठा अधिक २० वर आला, तर ४० टक्केबिंदूंची वाढ झाली, म्हणजे जवळपास साडेएकवीस टीएमसी पाणी आलं. हेच कॅल्क्युलेटरवर नेहमीच्या रीतीने करा: फरक ४०, भागिले आधीचा आकडा उणे २०. उत्तर येतं उणे दोनशे टक्के! धरण भरतंय आणि यंत्र सांगतं की पाणी घटलं. यंत्राचा दोष नाही. ज्या मापाला शून्याच्या खाली जाता येतं, त्याला आधीच्या आकड्याने भागून काही अर्थाचं निघत नाही. टक्क्यांतच वाढ सांगायची असेल तर एकूण पाण्यावर सांगा: आधी सुमारे ५३ टीएमसी, नंतर ७४.४. म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढ. आकड्याबरोबर कशावरची वाढ हेही सांगितलं की तो उभा राहतो.

खरं तर हा घोळ आपल्या बोलण्यातच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वासहा केला आणि आपण सगळे म्हणालो, व्याज पाव टक्क्याने उतरलं. तो पाव टक्केबिंदू होता. तिथे कोणी फसत नाही, कारण सवय आहे. जिथे सवय नाही तिथे शब्द नीट वापरायला हवा.

आता दुसरी गोष्ट, सरासरीची. शहराजवळ हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे. हिशेबापुरती त्याची क्षमता दोन टीएमसी धरू. उजनी २० टक्के आणि एकरुख ८० टक्के भरलाय, तर दोन्ही मिळून किती? बेरीज शंभर, भागिले दोन, पन्नास टक्के, असं कोणीही पटकन म्हणेल. पण उजनीत पाणी १०.७ टीएमसी, एकरुखात १.६. मिळून १२.३, आणि दोन्हींची मिळून क्षमता साडेपंचावन्न. म्हणजे बावीस टक्के. पन्नास कुठे आणि बावीस कुठे! प्रत्येक टक्क्याला त्याच्या धरणाच्या आकाराइतकं वजन द्यावं लागतं. हीच भारित सरासरी.

धरणांचं एक बरं असतं. त्यांची क्षमता महिन्या-महिन्याला बदलत नाही, म्हणून वजनं स्थिर राहतात. कारखान्यात वजनंच हलतात, आणि तिथे मी माणसांचं नुकसान होता होता पाहिलं. ती हकिगत सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. आकडे लक्षात राहावेत म्हणून सोपे करून घेतले आहेत, पण घडलं ते असंच.

आमच्याकडे दोन खाती होती, टॉवेल आणि चादर. तपासणीत जाळी पडलेला, धागा तुटलेला, डागाळलेला नग निघाला की तो ‘सेकंड’मध्ये जायचा आणि कमी भावात विकायचा. टॉवेलमध्ये सेकंड कमी निघतो. चादरीवर जकार्डची नक्षी असते, एक धागा चुकला तरी चौकटीत लगेच दिसतो, त्यामुळे तिथे सेकंड जास्त. हे प्रत्येक विणकराला ठाऊक असतं.

एप्रिलमध्ये आठ हजार टॉवेल निघाले, सेकंड दोन टक्के, म्हणजे १६० नग. चादरी दोन हजार, सेकंड आठ टक्के, तेही १६० नग. एकूण दहा हजारांत ३२० सेकंड. ३.२ टक्के.

त्यानंतर विणकरांनी खरोखर मेहनत घेतली. मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने बॉबिनची तपासणी लावली, तुटलेला धागा दिसला की माग तिथल्या तिथे थांबवायची शिस्त आली. ऑक्टोबरमध्ये टॉवेलचा सेकंड दीड टक्क्यावर आला, चादरीचा सात टक्क्यांवर. दोन्ही खाती सुधारली.

पण थंडी तोंडावर आली होती, चादरीच्या मागण्या वाढल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये टॉवेल निघाले चार हजार आणि चादरी सहा हजार. टॉवेलचे सेकंड ६०, चादरीचे ४२०. मिळून ४८०. दहा हजारांत ४.८ टक्के.

व्यवस्थापकांच्या टेबलावर गेला तो एकच आकडा. ३.२ वरून ४.८. त्यांनी भागाकार केला आणि फळ्यावर लिहून घेतलं, ‘सेकंड माल ५० टक्क्यांनी वाढला’. दिवाळीचा जादा बोनस रोखायचं ठरत होतं. जॉबर माझ्याकडे आला. वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. म्हणाला, “साहेब, आम्ही कमी खराब केलं, मग जास्त खराब कसं झालं?”

त्याचा प्रश्न मला अजून आठवतो, कारण तो हिशेबाचा अचूक प्रश्न होता. प्रत्येक खातं एका दिशेला गेलं आणि एकूण आकडा उलट दिशेला गेला, तर समजावं की मधे मालाचं प्रमाण बदललंय. दुसऱ्या कशानेही असं होत नाही.

मी काय केलं ते सांगतो. ऑक्टोबरचे दर घेतले, पण प्रमाण एप्रिलचंच ठेवलं. आठ हजार टॉवेलवर दीड टक्का, १२० नग. दोन हजार चादरींवर सात टक्के, १४० नग. मिळून २६०, म्हणजे २.६ टक्के. मधला हा आकडा मिळाला की गोष्ट उलगडते. ३.२ वरून २.६, ही ०.६ टक्केबिंदूंची घट कामगारांच्या कामाची. २.६ वरून ४.८, ही २.२ टक्केबिंदूंची वाढ चादरी जास्त विणल्याची. एकातून दुसरं वजा केलं की बरोबर १.६ टक्केबिंदू, फळ्यावरच्या वाढीइतके.

या रीतीची एक मर्यादा आहे, ती त्याही दिवशी सांगितली होती. प्रमाण एप्रिलऐवजी ऑक्टोबरचं धरलं आणि दर एप्रिलचे, तर मधला आकडा ५.६ येतो. मग कामाची घट ०.८ आणि प्रमाणाची वाढ २.४ निघते. वाटणी थोडी सरकते, दिशा तीच राहते. कुठल्या महिन्याचं प्रमाण धरलं ते सांगावं आणि वर्षभर तेच धरावं. सोयीप्रमाणे बदलू नये.

तिथे एका बाबूंनी आणखी सोपा उपाय सुचवला होता: दोन्ही खात्यांच्या टक्क्यांची सरळ सरासरी काढा. एप्रिलची पाच, ऑक्टोबरची सव्वाचार. आकडा कामगारांच्या बाजूचा होता, तरी मी नको म्हणालो. दहा हजारांत ३२० सेकंड असताना ‘पाच टक्के’ कुठल्याही गठ्ठ्यात सापडत नाहीत. तीही एकरुख आणि उजनीला सारखं मोजण्यासारखीच चूक. चांगल्या बाजूसाठी केलेली चूक पुढच्या महिन्यात उलटते.

व्यवस्थापकांनी कागद दोनदा वाचला. गृहस्थ सरळ होते. त्यांनी फळा पुसायला लावला आणि नवीन रकाने आखून घेतले: खातं, निघालेले नग, सेकंड नग, आणि शेवटी टक्के. आधी नग, मग टक्के. बोनस मिळाला. अण्णा त्या संध्याकाळी फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. त्याने बोट ठेवून चादरीच्या ओळीतले सहा हजार मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, “एवढ्या चादरी विणल्या होय आपण!”

नमस्कार.