पुंक्ट म्हणजे मार्क की मुद्दा?

जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेचा, म्हणजे ए-वनचा पेपर इथे बहुतेकांनी बघितलाय, त्यामुळे थेट भाचीच्या गोष्टीवर येते. तिने जर्मनच्या क्लासला नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मॉडेल पेपरचे फोटो पाठवले, "मावशी, सूचना आणि मार्कांचं पान मराठीत करून दे ना, सोडवून बघते." फोटो वहीच्या घडीवर धरून काढलेला, उजवी कड कापली गेलेली, आणि मी बसमध्ये.

पत्राच्या प्रश्नात जर्मन वाक्य होतं, श्रायबन झी त्सू येडेम पुंक्ट आइन बिस त्स्वाय झेट्से. मी टाइप केलं, "प्रत्येक मार्काला एक ते दोन वाक्यं लिहा." का, तर शेजारच्या मार्कांच्या पानावर पुंक्टे पुंक्टे दिसत होतं आणि तिथे ते खरंच मार्कच आहेत. पत्राला १० मार्क, म्हणून पोरीने चौदा वाक्यं लिहिली! लेखनाच्या अख्ख्या भागाला २० मिनिटं, ती पत्रातच संपली, आणि फॉर्म भरायचे सोपे ५ मार्क कोरे राहिले. मला अजून वाईट वाटतं. सूचनेतला पुंक्ट म्हणजे प्रश्नाखाली दिलेले तीन मुद्दे, का लिहिताय, कधी येणार, काय माहिती हवी असले. (पूर्णविरामालाही पुंक्टच म्हणतात, पण ते राहू दे.) आणि पुढे कंसात "साधारण ३० शब्द" असतं, ते कापलेल्या कडेत गेलं होतं. तीस शब्दांत चौदा वाक्यं कशी बसतील, ते दिसलं असतं तर माझी चूक तिथेच पकडली गेली असती. म्हणून आता मी अर्धवट वाक्याचा अंदाज करत नाही, फोटो परत मागते.

माझ्या बोलण्याची पाचच मिनिटं उरलीत म्हणतायत, तर मार्कांचं पान पटकन सांगते. प्रत्येक मुद्द्याला ३, १,५ किंवा ०. हा जर्मन स्वल्पविराम म्हणजे आपला दशांशचिन्ह, तो मराठीत १.५ असाच लिहायचा, नाहीतर पोरं "१ किंवा ५" वाचतात, आणि अंधुक फोटोत तो उडाला तर सरळ १५ दिसतं. मग बेरीज करून बघा: तीन मुद्दे गुणिले ३ म्हणजे ९, वर सुरुवात-शेवट नीट असल्याचा १, झाले १०. पंधरा कुठेच बसत नाही. आणि एक मुद्दा सोडला तर सरळ ३ गेले, बाकीचं पत्र कितीही सुंदर असो.

शेवटचं, "६०" दोनदा येतं. चारही भागांचे मिळून मूळ मार्क ६०, त्यांना १.६६ ने गुणून, पूर्णांकात आणून १०० करतात, आणि पास व्हायला त्या शंभरातले ६० लागतात. मूळ ४० पडले तर साधारण ६६ होतात. भाषांतरात दोन्हीकडे नुसतं "६० मार्क" लिहिलं की विद्यार्थ्याला वाटतं पैकीच्या पैकी हवेत, म्हणून मी एकीकडे "मूळ" आणि दुसरीकडे "शंभरपैकी" असं लिहून देते.