मी काम केलो

सोलापुरात पन्नास माणसांसमोर 'मी काम केलो' म्हटलं तर कुणी दचकणार नाही. पुण्याहून आलेला पाहुणा मात्र लगेच वर बघेल. आजचं बोलणं या एका वाक्याभोवतीच आहे.

आधी हे येतं कुठून ते पाहू. इथे अनेकांच्या घरात कन्नड, नाही तर तेलुगू. कन्नडमध्ये 'नानु केलस माडिदे', तेलुगूत 'नेनु पनि चेशानु'. दोन्हीकडे क्रियापद करणाऱ्याकडे बघतं. काम एक असो की दहा, त्याला फरक पडत नाही. मराठीचा भूतकाळ तसा नाही. कर्ता 'ने' घेऊन बसला की क्रियापद त्याच्याकडे पाठ फिरवतं आणि कर्माकडे बघतं: त्याने टॉवेल घेतला, त्याने चादर घेतली, त्याने चादरी घेतल्या. घेणारा पुरुष की बाई, एक की चार, यानं काही बदलत नाही.

गोची अशी, की 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना हा 'ने' दिसेल असा लागतच नाही. 'मी गेलो' मधला मी आणि 'मी काम केले' मधला मी कागदावर हुबेहूब सारखे. मग कान चुकला तर त्याचा काय दोष? त्यात मुलांची आणखी एक अडचण असते. एका मुलाला मी 'केले' लिहायला सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, ते पोरींचं आहे." त्याच्या वर्गातल्या मुली 'मी आले, मी गेले' म्हणत. त्याच्या कानाला 'केले'ही तसंच वाटलं. खरं तर ते 'ले' कामाचं आहे. काम नपुंसकलिंगी, म्हणून केले.

तपासायची युक्ती सोपी आहे. 'मी' काढा आणि तिथे तिसरा माणूस बसवा. तोंडात 'तो' आला तर क्रियापद कर्त्याचं, 'त्याने' आला तर कर्माचं. हे करून बघायला एका निबंधातला उतारा घेऊ. गड्डा यात्रेवरचा आहे:

"मी पाळण्यात बसलो. शेंगाचटणी आणि भाकरी खाल्लो. एक टॉवेल आणि दोन चादरी घेतलो. पाकीट दुकानातच विसरलो. दुकानदाराला हाक मारलो."

'तो बसला.' म्हणजे बसलो बरोबर. 'त्याने भाकरी खाल्ली.' म्हणजे खाल्लो नाही, खाल्ली. तिसऱ्या वाक्यातही 'त्याने', पण कर्मं दोन, लिंगं वेगळी. अशा वस्तू असतील तर क्रियापद शेवटच्या नामाप्रमाणे चालतं: एक टॉवेल आणि दोन चादरी घेतल्या. क्रम उलटा केला तर 'दोन चादरी आणि एक टॉवेल घेतला'. हे बरोबर असलं तरी कानाला खुपतं. मी स्वतः अनेकवचनी नाम शेवटी ठेवतो, वाद मिटतो.

आता पाकीट. इथे नवशिका मुद्रितशोधक हमखास फसतो. पाकीट कर्म आहे, भूतकाळ आहे, म्हणून तो लाल पेनानं 'विसरले' करतो. युक्ती लावून बघा: 'तो पाकीट विसरला' म्हणतो आपण, 'त्याने विसरले' नाही. म्हणून विसरलो बरोबर, हात लावू नका. शिकणे, बोलणे, जेवणे याच जातीतली: तो मराठी शिकला, तो खोटं बोलला. 'म्हणणे' तर दोन्हीकडून खेळतं: तो म्हणाला, पण त्याने गाणे म्हटले.

शेवटच्या वाक्यात 'त्याने हाक मारली'. हाक स्त्रीलिंगी, म्हणून 'मी हाक मारली'. 'दुकानदाराला' हा शब्द मध्ये आहे, पण त्याला 'ला' चिकटलाय. प्रत्यय लागलेल्या नामाकडे क्रियापद बघत नाही. बिनप्रत्ययाचं कर्मच नसेल तर क्रियापद 'ले'वर येऊन थांबतं: मी दुकानदाराला पाहिले, मी मुलींना पाहिले.

काळ बदलला की पुन्हा तपासा. 'मी चादर विणत होतो' बरोबर, कारण 'तो विणत होता'. 'मी चादर विणली होती' हेही बरोबर, कारण 'त्याने विणली होती'. होतो आणि होती यांतला फरक 'विणत' की 'विणली' यावर ठरतो. 'विणलो होतो' दिसलं तर थांबायचं.

ही युक्ती 'तू'पाशी थोडी अपुरी पडते. 'तू काम केलास' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. 'त्याने काम केले' यावरून 'केले' मिळतं, पण वाक्य 'तू काम केलेस' असं होतं. त्यात लिंग-वचन कामाचं आणि शेवटचा 'स' तुझा. चादर घेतलीस, चादरी घेतल्यास, टॉवेल घेतलास. यातलं 'घेतलास' टॉवेल पुल्लिंगी एकवचनी म्हणून आलंय, ऐकणारा पुरुष म्हणून नाही. तेच वाक्य बहिणीला म्हणा, तरी 'घेतलास'च.

घरी 'केलो' म्हणा, मी स्वतः आईशी तसंच बोलतो. छापायला द्यायच्या कागदावर मात्र 'त्याने' लावून बघा.