रिकाम्या जागांचा ठराव

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा नोटीस बोर्डावर लावलेली माझी पहिली विषयपत्रिका अशी होती: १) मागील इतिवृत्त, २) गच्चीची गळती, ३) पार्किंग, ४) ऐनवेळचे विषय. कमिटीची सभा नऊला सुरू झाली. गळतीवर बोलता बोलता साडेदहा वाजले, पार्किंगवर आवाज चढले आणि इतिवृत्तात मी लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली'. ठरलं काहीच नव्हतं.

'गच्चीची गळती' हा विषय नाही, ती तक्रार आहे. वाचणाऱ्याला कळायला हवं की आपण बसून नेमकं काय करायचं आहे. हल्ली मी लिहितो: 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग. उद्देश: आलेल्या तीन कोटेशनची तुलना. वेळ: २५ मिनिटे. अपेक्षित निर्णय: एका कंत्राटदाराची निवड करून सर्वसाधारण सभेकडे शिफारस.'

यातला 'शिफारस' हा शब्द मुद्दाम आहे. खर्च कमिटीच्या मर्यादेबाहेरचा असेल, तर कमिटी काम देऊच शकत नाही. आपल्या अधिकारात काय आहे, हे कागदावर लिहितानाच लक्षात येतं.

आता २५ मिनिटं आली कुठून? आम्ही नऊजण. माणशी दोन मिनिटं धरली तर अठरा होतात. कोटेशन समजावायला पाच आणि मतं घ्यायला दोन. पण हा हिशेब तेव्हाच जमतो, जेव्हा तिन्ही कोटेशनचा तक्ता विषयपत्रिकेसोबत आधी गेलेला असतो. नाहीतर लोक सभेतच चष्मा काढून वाचायला बसतात आणि तुमची पंचवीस मिनिटं तिथेच संपतात.

अपेक्षित निर्णय लिहायला अवघड जातं, म्हणून माझी एक सवय सांगतो. ठराव आधीच लिहून बघायचा, रिकाम्या जागा सोडून: 'गच्चीच्या कामासाठी ____ यांची रु. ____ ला शिफारस करावी. सूचक ____, अनुमोदक ____.' भरायच्या जागा कुठल्या हेच सुचत नसेल, तर विषय अजून पिकलेला नाही. पार्किंगचं आमच्याकडे तेच होतं. गाड्या किती आणि जागा किती, याची यादीच नव्हती. मग त्या सभेत फक्त यादी कोण आणि कधीपर्यंत करणार एवढंच ठेवलं, वेळ पाच मिनिटं.

रिकामी जागा मात्र रिकामीच ठेवा. 'अमुक कंत्राटदाराला काम देणे' असं छापलंत, की लोक म्हणणार, सगळं आधीच ठरलंय.

वेळ संपली तर? अध्यक्षांनी तिथेच विचारायचं: मत घ्यायचं, की पुढच्या सभेत? की आणखी दहा मिनिटं द्यायची? दिली तर ती कुठल्या विषयातून कापायची, तेही तेव्हाच सांगायचं. आमच्याकडे ती बहुधा ऐनवेळच्या विषयांतून जातात, आणि त्याबद्दल अजून तरी कोणी तक्रार केलेली नाही.