नुसती फाइल आली, आता विचारायचं का?

श्रोतेहो, नमस्कार.

झेरॉक्सचं दुकान असो, सेतू केंद्र असो, सोसायटीच्या सचिवांचा फोन असो, सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की त्यात एकदोन निरोप असे असतातच, की ज्यांत शब्द एकही नसतो. एक फाइल किंवा एक लिंक, आणि खाली काही नाही. पाठवणाऱ्याच्या मनात सगळं स्पष्ट असतं. घेणाऱ्याला मात्र ठरवावं लागतं: काम सुरू करायचं, की आधी विचारायचं?

तासगाव भागातलं एक उदाहरण घेऊ. समजा सकाळी दहा वाजता एका शेतकऱ्याच्या नंबरावरून फक्त एक फाइल आली. नाव `satbara.pdf`. बाकी काही नाही. याचे अर्थ किमान तीन निघतात. याची प्रिंट काढून ठेवा. किंवा हा जुना आहे, नवा काढून द्या. किंवा यातलं नाव चुकलंय, दुरुस्तीचा अर्ज भरा. पहिल्याला दोन मिनिटं लागतात, तिसऱ्याला तलाठ्यापर्यंतचा प्रवास.

अशा वेळी लगेच "काय करायचंय?" असं विचारू नये. आधी बोट वर सरकवून त्याच नंबरावरचं मागचं बोलणं बघावं. पुष्कळदा उत्तर तिथंच असतं. चार दिवसांपूर्वी त्यांनीच विचारलेलं असतं, की पीककर्जाला कोणती कागदं लागतात. तिथं काही सापडलं नाही, तर फाइल उघडावी. पीडीएफ उघडून बघण्यानं कुणाचं काही बिघडत नाही, आणि प्रश्न विचारायला लागणारी माहिती त्यातूनच मिळते.

सातबाऱ्यात दोन गोष्टी बघायच्या. तो कधी काढलाय, आणि डिजिटल सहीचा आहे का. भूलेखच्या संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी असतो, आणि तसं त्याच्यावरच लिहिलेलं असतं. डिजिटल सहीचा उतारा वेगळ्या संकेतस्थळावरून पैसे भरून काढतात. त्यावर पडताळणी क्रमांक असतो, आणि तो क्रमांक टाकून कुणालाही खरेपणा तपासता येतो. आता आलेली फाइल माहितीपुरती असली आणि आपण न विचारता तिची प्रिंट काढून दिली, तर तो माणूस ती घेऊन बँकेत जाणार, तिथून परत येणार, आणि त्याचा एक दिवस जाणार.

म्हणजे विचारायचं की नाही, हे अंदाज चुकला तर काय जाईल यावर ठरवावं. एक कागद वाया जाणार असेल, तर विचारत बसू नका, प्रिंट काढून ठेवा. पण फी भरायची असेल, ऑनलाइन अर्ज दाखल करायचा असेल, कुणाच्या नावात बदल करायचा असेल, तर विचारल्याशिवाय बटण दाबू नये. दाखल झालेला अर्ज मागे घेणं बहुतेक ठिकाणी अर्ज भरण्यापेक्षा अवघड असतं.

आणि विचारायचं कसं? "काय करायचंय?" याला उत्तर येतं, "ते पाठवलंय ते करा." मग पुन्हा प्रश्न, पुन्हा तसंच उत्तर, आणि दुपार होते. त्याऐवजी असं लिहावं: "मामा, सातबारा मिळाला. हा माहितीपुरता आहे, सहीचा नाही. बँकेत द्यायचा आहे का? असेल तर सहीचा नवा काढतो, फी पडेल." याला "हो" किंवा "नको" एवढंच उत्तर पुरतं. काय मिळालं ते सांगितलं, त्यात काय अडचण आहे ते सांगितलं, आणि प्रश्न एकच विचारला. आठ-अ लागणार का, हे "हो" आल्यावर विचारावं. एका निरोपात चार प्रश्न घातले तर शेवटच्या एकाचंच उत्तर येतं. ज्यांना टाइप करणं जड जातं, त्यांना हेच बोलून पाठवावं.

फाइलच्या नावावर किती भरवसा ठेवायचा? `IMG-20250614-WA0023.jpg` असं नाव आलं, तर त्यातून १४ जून २०२५ ही तारीख कळते आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपमधून फिरलेला आहे हे कळतं. आत आधारकार्ड आहे की द्राक्षाच्या पानावरचा डाग, ते कळत नाही. मात्र दुसरी एक गोष्ट कळते. व्हॉट्सअ‍ॅपमधून फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होऊन येतं. त्यात बारीक अक्षरांचं अख्खं पान असेल, तर प्रिंट पुसट येते. तेव्हा इथं मागायची गोष्ट वेगळी: "तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा."

आधारची पीडीएफ आली तर ती पासवर्ड मागते. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढं जन्मसाल. इथं फक्त जन्मसाल विचारलं तरी काम होतं. ओटीपी विचारायची काहीच गरज नसते, आणि कुणी विचारला तर देऊ नये.

लिंकचं थोडं निराळं आहे. पुष्कळ लोक स्वतः लॉगिन करून एखादं पान उघडतात आणि त्याचा पत्ता पाठवतात. त्यांना पावती दिसत असते, आपल्याला फक्त लॉगिनची चौकट दिसते. गूगल ड्राइव्हच्या लिंकवरही असंच, परवानगी मागणारं पान उघडतं. पाठवणाऱ्याला याची कल्पनाच नसते. त्याला वाटतं, काम पोचलं. म्हणून इथं वाट बघू नये, लगेच कळवावं: "लिंक माझ्याकडे उघडत नाही, पीडीएफ पाठवा." अर्जाची शेवटची तारीख आजची असेल, तर लिहिण्यापेक्षा सरळ फोन लावावा.

आणि एक निरोप असा आहे, की त्याला उत्तरादाखल प्रश्नसुद्धा लिहायचा नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी `.apk` असेल, मग पुढं `RTO Challan` असो, लग्नपत्रिका असो किंवा एखाद्या योजनेचं नाव, तिला हात लावू नका. एपीके म्हणजे कागद नव्हे, ते फोनमध्ये बसणारं अ‍ॅप असतं. फसवणुकीचं असेल तर ते आपले मेसेज वाचतं, बँकेचा ओटीपी चोराकडे पोचवतं, आणि पुष्कळदा आपल्याच नंबरावरून ओळखीच्यांना तीच फाइल धाडतं. म्हणून ती भावाच्या किंवा मास्तरांच्या नंबरावरून आली तरी विश्वास ठेवायचा नाही. त्याच चॅटमध्ये "हे काय आहे?" विचारलं, तर उत्तर चोरही देऊ शकतो. आवाज ऐकू येईल असा साधा फोन करून विचारायचं. चलनाची शंका असेल तर `echallan.parivahan.gov.in` हा पत्ता स्वतः टाइप करून गाडीचा नंबर तपासावा. पत्ता वाचताना `gov.in` नंतर तिरकी रेघ आहे ना, ते बघा. रेघेआधी टिंब देऊन आणखी एखादं नाव जोडलेलं असेल, तर ती जागा सरकारी नाही.

चुकून अशी फाइल बसवलीच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मग ज्यांना आपल्या नंबरावरून ती फाइल गेली असेल, त्या प्रत्येकाला फोन करून ती उघडू नका म्हणून सांगा.